विडाल पॉझिटिव्ह आली, तरी ब्लड कल्चर कशाला?

माझ्या मुलाला (वय १९) पाच दिवस ताप आहे. काल टायफॉईडची विडाल तपासणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पण म्हणाले, आधी ब्लड कल्चरसाठी रक्त देऊन या, मगच पहिली गोळी घ्या. कल्चर महाग आहे, रिपोर्टही तीन दिवसांनी येणार. विडाल पॉझिटिव्ह असताना हे कशाला? दुसरं, माझ्या सासूबाईंना तीस वर्षांपूर्वी टायफॉईड झाला होता आणि घरातला स्वयंपाक त्याच करतात. त्यांच्याकडून झाला असेल का?

आधी रक्त देऊन या, बाकीचं नंतर वाचा. पाचवा दिवस आहे आणि पोटात अजून एकही गोळी गेलेली नाही, असा पेशंट आमच्या हाती क्वचित लागतो. बहुतेक जण दोन-चार डोस घेऊनच येतात. कल्चर म्हणजे रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का ते पाहणं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे. रक्त दिलं की गोळी लगेच सुरू करा, रिपोर्टची वाट बघत औषध थांबवायचं नाही.

तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकाच गोष्टीपाशी येतात. टायफॉईडचा जंतू शरीरात एका जागी बसून राहत नाही. कोणत्या आठवड्यात तो कुठे आहे हे कळलं, की कोणती तपासणी कधी करायची हे आपोआप कळतं. तीस वर्षांपूर्वीच्या आजाराचा आजच्या स्वयंपाकघराशी संबंध असू शकतो का, याचं उत्तरही तिथेच आहे.

आपल्याकडची जुनी माणसं टायफॉईडला मुदतीचा ताप म्हणत. एकवीस दिवसांची मुदत भरल्याशिवाय तो उतरायचा नाही. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा खरोखरच तसं होतं. आता औषधाने तो आधी उतरतो, पण आतली मुदत तीच आहे.

दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जंतू पोटात जातो. जठरातल्या आम्लातून जे वाचतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचतात. तिथे आतड्याच्या अस्तरात संरक्षक पेशींच्या छोट्या वसाहती असतात, त्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात. जंतू तिथून आत शिरतो आणि त्याला गिळायला आलेल्या पेशींच्याच पोटात जिवंत राहतो. त्या पेशींवर बसून तो लसिका ग्रंथींत जातो, थोडा वेळ रक्तात येतो आणि यकृत, पाणथरी आणि हाडांच्या मज्जेत जाऊन बसतो. हे सगळं साधारण एक ते दोन आठवडे गुपचूप चालतं. माणूस कामावर जातो, जेवतो, काहीही होत नाही. म्हणून टायफॉईडचा पेशंट जेव्हा म्हणतो की परवा बाहेर पाणीपुरी खाल्ली आणि ताप आला, तेव्हा मी त्याला दोन आठवडे मागे जायला सांगतो. परवाच्या पाणीपुरीचा त्यात काही दोष नसतो.

मज्जेत आणि पाणथरीत पुरेशी वाढ झाली की जंतू पुन्हा रक्तात उतरतात, आणि या वेळी ते सतत झिरपत राहतात. ताप इथे सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तो पायरीपायरीने चढतो: आज १००, उद्या १०१, परवा १०२. डोकं ठणकतं, जीभ मधे पांढरी आणि कडेला लाल दिसते, भूक मरते. मोठ्या माणसांत सुरुवातीला जुलाबाऐवजी उलट संडासच साफ होत नाही. कोरडा खोकलाही येतो, आणि त्याला खोकल्याचं औषध देऊन चार दिवस फुकट जातात. नाडी तापाच्या मानाने संथ लागते. रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात, कधी कमीच असतात, आणि त्यांतल्या इओसिनोफिल प्रकारच्या पेशी बहुधा शून्य. शून्य इओसिनोफिल पाहिले की माझा टायफॉईडचा संशय बळावतो. त्याने निदान ठरत नाही, पण कल्चरची बाटली मागवायला तेवढं पुरतं.

दुसऱ्या आठवड्यात ताप वरच थांबतो. पेशंट गळून जातो, पाणथरी हाताला लागते. याच सुमारास जंतू यकृतातून पित्तात आणि पित्ताशयात पोचलेले असतात, आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतात. आता ते पुन्हा त्याच पेयर्स पॅचेसमध्ये शिरतात, पण त्या पेशी आता त्यांना ओळखून असतात. दाह जोरात होतो, तिथल्या ऊती मरतात, जखमा पडतात. तिसऱ्या आठवड्यात रक्तस्राव होतो किंवा आतड्याला भोक पडतं, ते या जखमांमुळे. म्हणजे ताप पंधरा-वीस दिवसांचा असताना पोटात अचानक जोरात दुखायला लागलं, पोट फुगून कडक झालं, संडास डांबरासारखी काळी झाली, किंवा मुलगा तंद्रीत बडबडायला लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात न्यायचं. वेळेवर औषध मिळालेल्या पेशंटमध्ये हे फार थोड्यांना होतं.

आता हाच प्रवास तपासणीच्या बाजूने पाहा. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात आहे, म्हणून रक्ताचं कल्चर. दुसऱ्याच्या शेवटी आणि तिसऱ्यात तो रक्तातून ओसरायला लागतो आणि शौचात येतो, तेव्हा शौचाचं कल्चर जास्त उपयोगी. मज्जेत मात्र तो सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत असतो, तिथे औषधही त्याला सहज हुसकावू शकत नाही. म्हणून मज्जेचं कल्चर सगळ्यात खात्रीचं, दहातल्या नऊ जणांत तरी जंतू सापडतो. पण कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढायची म्हणजे रोजचं काम नव्हे. ते अडलेल्या पेशंटसाठी राखून ठेवायचं.

आणि विडाल? विडाल जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती वाढायला सात ते दहा दिवस लागतात. तुमच्या मुलाची विडाल चौथ्या दिवशीच पॉझिटिव्ह आली, यावर मला विश्वासापेक्षा शंकाच जास्त वाटते. चौथ्या दिवशी सापडलेली प्रतिद्रव्यं बहुधा जुन्या संसर्गाची असतात, लसीचीही असू शकतात. आपल्या भागात निरोगी माणसांचीही विडाल थोडी वर येते. मलेरियात किंवा डेंग्यूतही ती खोटी पॉझिटिव्ह येते, आणि पावसाळ्यात हे सगळे ताप एकाच वेळी दारात उभे असतात. विडाल १८९६ सालची तपासणी आहे. तिच्या काळात ती मोठीच गोष्ट होती. आज ती टिकून आहे कारण स्वस्त आहे आणि तासाभरात छापील कागद हातात देते. त्यावर '१:१६०' लिहिलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं, निदान झालं. जर तुमच्या मुलाला टायफॉईडऐवजी स्क्रब टायफस हा वेगळ्याच जंतूचा ताप असेल, तर टायफॉईडच्या नेहमीच्या इंजेक्शनने तो बरा होणार नाही, आणि विडालच्या कागदामुळे आपण आठवडाभर चुकीच्या वाटेवर चालू.

ब्लड कल्चरचीही मर्यादा सांगतो, नाहीतर निगेटिव्ह आलं की तुम्ही म्हणाल, डॉक्टर चुकले. टायफॉईड असलेल्या शंभर पेशंटांचं रक्त लावलं तर साधारण साठ जणांत जंतू वाढतो. पहिल्या आठवड्यात, औषधाआधी आणि भरपूर रक्त घेतलं तर आकडा बराच वर जातो. तिसऱ्या आठवड्यात तो खाली घसरतो. याचं कारण लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं: टायफॉईडच्या रक्तात जंतू अतिशय विरळ असतात. एका मिलिलिटरमध्ये सरासरी एक किंवा त्याहूनही कमी. त्यातलेही बरेचसे पांढऱ्या पेशींच्या आत दडलेले.

इथे थोडा हिशोब करू. समजा तुमच्या मुलाच्या एका मिलिलिटर रक्तात सरासरी अर्धा जंतू आहे, म्हणजे दोन मिलिलिटरमागे एक. लॅबमधल्या मुलाने घाईत दोनच मिलि काढले, तर बाटलीत सरासरी एक जंतू जाईल. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येक बाटलीत एक नव्हे. कुठे दोन, कुठे तीन, आणि शंभरातल्या सदतीस बाटल्यांत एकही नाही. तेच दहा मिलि घेतले तर सरासरी पाच जंतू जातात आणि बाटली रिकामी निघण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी होते. आता औषधाचे दोन-तीन डोस आधीच झाले आणि जंतू दहापट कमी झाले असं धरा. मग दहा मिलि रक्त घेऊनही शंभरातल्या साठ बाटल्या रिकाम्या जातील. दोन मिलि घेतलं तर नव्वद. प्रत्यक्षात आकडे याहून वाईट असतात, कारण बाटलीत गेलेला प्रत्येक जंतू वाढतोच असं नाही. पण यावरून कळेल की वेळ म्हणजे काय: तापाच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या गोळीआधी, आणि मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिलि रक्त एका बाटलीत. जमलं तर दुसऱ्या हातातून दुसरी बाटली. लहान मुलांचं रक्त अर्थातच वयाप्रमाणे कमी घेतात. बाटलीत रक्ताच्या पाचपट ते दहापट द्रव असावा लागतो, म्हणून एकाच बाटलीत जास्त रक्त कोंबूनही चालत नाही.

दिवसातली वेळ मात्र महत्त्वाची नाही. 'ताप चढेल तेव्हा रक्त द्यायला या' असं बऱ्याच जणांना सांगितलं जातं. टायफॉईडमध्ये जंतू रक्तात सतत झिरपत असतात, थंडी वाजण्याची वाट बघायची गरज नाही. त्या वाट बघण्यात एक गोळी पोटात जाते आणि सगळं मुसळ केरात. आणखी एक: भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. बाटली लगेच यंत्रात लागणार नसेल तर ती खोलीच्या तापमानालाच ठेवायची आणि शक्य तितक्या लवकर पोचवायची. माझ्या एका पेशंटची बाटली रात्रभर लसींच्या शेजारी थंडीत पडून होती, का तर 'सॅम्पल खराब होऊ नये म्हणून'. काळजीपोटीच ठेवली होती, त्यामुळे रागावताही येईना.

आता ज्या घरामुळे माझं या विषयावरचं मत पक्कं झालं, ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

नऊ माणसांचं एकत्र कुटुंब, शेती आणि दोन म्हशी. बारावीतला मुलगा नवव्या दिवशी माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवसापासून गावातल्या दवाखान्यात सेफिक्झिम चालू होतं, दोन दिवस घेतलं, बरं वाटलं म्हणून सोडलं, ताप आला म्हणून पुन्हा घेतलं. विडाल झालेली होती. मी कल्चर लावलं, पण आमच्याच सिस्टरने रक्त कमी काढलं, जेमतेम तीन मिलि. पाच दिवसांनी रिपोर्ट आला: वाढ नाही. ताप चालूच. आता काय करायचं? औषध चालत नाही म्हणून बदलायचं, की टायफॉईडच नाही म्हणून दुसरं शोधायचं? आम्ही दोन्ही केलं. मलेरियाच्या काचपट्ट्या, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी. या खर्चासाठी वडिलांनी एका म्हशीचं दूध डेअरीला जास्त घालायला सुरुवात केली, हे मला नंतर कळलं. शेवटी चौदाव्या दिवशी मोठ्या गावात पाठवून मज्जेचं कल्चर केलं. त्यात टायफॉईडचाच जंतू वाढला, साल्मोनेला टायफी.

त्याच घरातली त्याची चुलत बहीण सहा आठवड्यांनी तापाने आली. या वेळी घर शहाणं झालेलं होतं. चौथा दिवस, एकही गोळी नाही, दोन्ही हातांतून दहा-दहा मिलि. रक्त घेतलं आणि तासाभरात सेफ्ट्रियाक्झोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी यंत्राने बाटली पॉझिटिव्ह दाखवली. टायफी असेल तर बहुतेक बाटल्या एक-दोन दिवसांत बोलतात. त्यानंतर कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एक-दोन दिवस. रिपोर्ट असा होता: सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालणार नाही, सेफ्ट्रियाक्झोन आणि ॲझिथ्रोमायसिन चालेल, जुनं अँपिसिलिनही चालेल. आपल्याकडचे बहुतेक टायफी आज सिप्रोला दाद देत नाहीत, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

नवल पुढे आहे. तिसऱ्या दिवशीही मुलीचा ताप १०२ होता. आई दारात: 'डॉक्टर, इंजेक्शन लागू पडत नाही, बदला.' कल्चर नसतं तर मी बहुधा बदललं असतं, भाऊही तसाच अडकला होता. पण हातात रिपोर्ट होता की हेच औषध चालतं. टायफॉईडमध्ये योग्य औषध चालू असूनही ताप चार ते सहा दिवस राहतो, कारण जंतू पेशींच्या आत दडलेला असतो. म्हणून मी म्हटलं, 'थांबूया.' पाचव्या दिवशी ताप उतरला. लोकांना वाटतं कल्चर निदानासाठी करायचं. माझ्या मते त्याचा निम्मा उपयोग हा आहे की डॉक्टरला न घाबरता थांबता येतं. शेजारच्या पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रियाक्झोनलाही न जुमानणारा टायफी पसरला आहे. तसा जंतू समोर आला तर अंदाजाने थांबणं धोक्याचं, आणि ते फक्त बाटलीच सांगू शकते.

एक सावधगिरी इथेच सांगतो. ताप उतरला तरी डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवस पुरे करा. शंभरातल्या पाच-दहा जणांना औषध थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप उलटतो. तसा उलटला तर पुन्हा गोळीआधी कल्चर.

आता तुमच्या सासूबाई. त्या नऊ माणसांच्या घरात भाऊ आजारी, सहा आठवड्यांनी बहीण, आणि विचारल्यावर कळलं की दोन वर्षांपूर्वी काकाही 'टायफॉईडने' पडला होता. आधी सगळ्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. पण त्याच विहिरीचं पाणी शेजारची दोन घरं पीत होती आणि तिथे कुणालाच काही नव्हतं. घरात एकत्र काय होतं? स्वयंपाक. तो आजी करायच्या, वय बासष्ट. आजी ठणठणीत. फक्त अधूनमधून 'पित्त होतं', उजवीकडे बरगडीखाली दुखतं, की ओवा खायच्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले.

बरं झाल्यावरही काही जणांच्या शौचातून जंतू काही आठवडे पडत राहतो, तीन महिन्यांत बहुतेकांचा थांबतो. पण शंभरातल्या एक ते पाच जणांत तो वर्षानंतरही थांबत नाही, त्यांना कायमचे वाहक म्हणतात. जंतू त्यांच्या पित्ताशयात राहतो. पित्त हा बऱ्याच जंतूंना न मानवणारा द्रव, पण टायफीला मानवतो. खडे असतील तर तो खड्यावर चिकट थर करून बसतो, आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून वाहकांत बायका जास्त, पन्नाशीपुढच्या जास्त, आणि खडे असलेल्या जास्त. त्यांना ताप नसतो, काहीच नसतं. कित्येकांना आपल्याला कधी टायफॉईड झाला होता हेही आठवत नाही.

यातली सगळ्यात गाजलेली बाई न्यूयॉर्कची मेरी मॅलन, आयर्लंडमधून आलेली स्वयंपाकीण. १९०६ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवरच्या ऑयस्टर बे इथल्या एका घरात अकरापैकी सहा जण आजारी पडले. जॉर्ज सोपर नावाच्या तपासनिसाने पाणी, दूध, शिंपले सगळं तपासून शेवटी स्वयंपाकिणीकडे बोट दाखवलं. त्याला एक कोडं होतं: गरम शिजवलेल्या अन्नात जंतू मरतो, मग हिच्या हातून संसर्ग कसा? उत्तर निघालं, ताजी पीच फळं चिरून घातलेलं आइस्क्रीम. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावरच्या रुग्णालयात ठेवलं. पुढच्या दोन वर्षांत तिच्या शौचाचे १६३ नमुने तपासले, त्यातले १२० पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे ४३ वेळा कायमच्या वाहकाचाही नमुना निगेटिव्ह आला होता. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त शिकवतो तो हाच आकडा. १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिला सोडलं. दुसरं पोटापाण्याचं काम तिला नीट मिळालं नाही, नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली, आणि १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात २५ जण आजारी पडले. मग १९३८ मध्ये मरेपर्यंत ती त्याच बेटावर राहिली. दोष तिच्यापेक्षा व्यवस्थेचा जास्त होता, असं माझं मत आहे. तिच्यापुढे दुसरा मार्ग कुणी ठेवलाच नव्हता.

म्हणून सासूबाईंबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांचं ब्लड कल्चर करू नका. वाहकाच्या रक्तात जंतू नसतो, ते निगेटिव्ह येईल आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल. विडालनेही काही कळत नाही. शौचाचं कल्चर करा, आणि एकदा नव्हे, दोन-तीन दिवसांच्या अंतराने निदान तीनदा. त्या सुमारास त्या दाताच्या किंवा खोकल्याच्या निमित्ताने प्रतिजैविक घेत असतील तर ते संपून काही आठवडे जाऊ द्या. आमच्या आजींचा पहिला नमुना निगेटिव्ह आला होता. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात टायफी वाढला, त्यावर कोणती औषधं चालतात आणि कोणती नाहीत, हेही नातीच्या जंतूसारखंच. तो तोच जंतू होता हे त्यावरून शंभर टक्के सिद्ध होत नाही, कारण आपल्या भागात तसे जंतू पुष्कळ आहेत. पण माझ्या मनात शंका उरली नाही.

उपचार सरळ नव्हता. वाहकासाठी चार आठवडे सिप्रो हा चांगला मार्ग, पण त्यांच्या जंतूवर सिप्रो चालत नव्हतं. मोठ्या मात्रेत सहा आठवडे अमॉक्सिसिलिन हा दुसरा मार्ग. खडे असताना तो बरेचदा अर्धवटच लागू पडतो. केवळ वाहक आहे म्हणून मी कुणाचं पित्ताशय काढायला सांगणार नाही, आणि काढूनही काहींच्या पित्तनलिकांत जंतू उरतो. आजींना मात्र खड्यांचा त्रास होताच, शस्त्रक्रियेचं कारण वेगळं उभं होतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, सोबत औषध दिलं. काढलेल्या पित्तात टायफी वाढला. पुढे महिन्याला एक अशा तीन तपासण्या निगेटिव्ह आल्या.

मधल्या चार महिन्यांत आजींना स्वयंपाकघराबाहेर काढायचं का, हा घरातला खरा प्रश्न होता. मोठ्या सुनेने हळूच विचारला, आजींनी ऐकला आणि रडल्या. मी त्यांना समोर बसवून कामांची वाटणी करून दिली. भाकरी, आमटी, भात, उकळलेली भाजी त्यांनीच करायची. उकळत्या आमटीत आणि तव्यावरच्या भाकरीत टायफी टिकत नाही. कोशिंबीर, चटणी, ताक, सरबत, विरजण, कापलेली फळं आणि पिण्याचं पाणी भरणं दुसऱ्यांनी. भाजलेली भाकरी हाताने मोडून वाढायची नाही. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबण लावून, नखं कापलेल्या हातांनी, वाहत्या पाण्याखाली धुणं. घरातल्या बाकीच्यांना टायफॉईडची लस दिली. सासूबाईंचे नमुने येईपर्यंत तुम्हीही हीच वाटणी करा, आणि ती 'तुमच्यामुळे झालं' असं न म्हणता करा. तुमच्या मुलाला त्यांच्याकडूनच झालं असेल असं मी आज म्हणणार नाही. कॉलेजच्या कँटीनचं पाणी, रस्त्यावरचा बर्फ, कुणाच्या तरी लग्नातलं ताक, यांतलं काहीही असू शकतं. ताप सुरू होण्याआधीच्या एक-दोन आठवड्यांत त्याने कुठे काय खाल्लं-प्यायलं ते त्याच्याकडून लिहून घ्या.

आणि सासूबाईंना एक विचारा: जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कधी दुखतं का? हो म्हणाल्या, तर शौचाच्या तपासणीबरोबर पोटाची सोनोग्राफीही करून घ्या.